strlen आणि देवनागरी मजकूर

सी भाषेतील strlen हे फंक्शन स्ट्रिंगच्या सुरुवातीपासून शून्य मूल्याच्या बाइटपर्यंतचे बाइट मोजते. अक्षर म्हणजे काय हे त्याला ठाऊक नसते. इंग्रजी मजकुरात एका अक्षराला एकच बाइट लागत असल्याने हा फरक लपून राहतो.

यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात. ‘म’ हा `E0 A4 AE` असा साठवला जातो. ‘मराठी’ या शब्दात म, र, काना, ठ आणि वेलांटी अशी ५ चिन्हे आहेत, म्हणून strlen १५ हे उत्तर देते. वाचणाऱ्याला मात्र अक्षरे तीनच दिसतात.

खरा घोटाळा मजकूर कापताना होतो. हा शब्द १० बाइटांवर तोडला, तर ‘ठ’चा पहिलाच बाइट उरतो आणि पडद्यावर � उमटते. यूटीएफ-८ मधील पुढचे बाइट नेहमी `10` या बिटांनी सुरू होतात, त्यामुळे मागे सरकून चिन्हाची सीमा गाठता येते:

```c
while (n > 0 && (s[n] & 0xC0) == 0x80) n--;
```

येथे n १० वरून ९ होतो आणि ‘मरा’ शाबूत राहते. पण n ८ असेल, तर तो ६ वर थांबतो आणि ‘मर’ उरते. यूटीएफ-८ म्हणून ते निर्दोष आहे, मराठी म्हणून चूक. काना गळाल्याचे कोणतीही तपासणी सांगत नाही. अक्षरसीमा हवी असेल तर आयसीयूसारखी लायब्ररी वापरावी, तीही ताजी: ‘क्ष’सारखे देवनागरी जोडाक्षर न तोडण्याचा नियम युनिकोडच्या १५.१ आवृत्तीत, २०२३ मध्ये आला. मेमरी राखून ठेवताना मात्र strlen चेच उत्तर योग्य असते, त्यात शेवटच्या शून्यासाठी एक बाइट मिळवावा.