घन समीकरणाचा विवेचक

x³ + px + q = 0 या वास्तव सहगुणकांच्या समीकरणाला किती वास्तव मुळे आहेत, हे ते न सोडवता सांगणारी राशी: Δ = −4p³ − 27q². Δ धन असल्यास तीन भिन्न वास्तव मुळे, ऋण असल्यास एकच. शून्य असल्यास मुळांची पुनरावृत्ती होते. मूळ समीकरणात ax² हे पद असेल (x³ चा सहगुणक 1), तर आधी x = y − a/3 घेऊन ते घालवावे.

बोंबेल्लीने 1572 मध्ये छापलेल्या ग्रंथातील x³ − 15x − 4 = 0 घ्या. Δ = 13500 − 432 = 13068, म्हणून तीन वास्तव मुळे: 4, −2 + √3, −2 − √3. गंमत अशी, की कार्दानोच्या सूत्रात इथेच √−121 उपटते. मुळे वास्तव, वाट मात्र काल्पनिक संख्यांतून!

मुळांची संख्या Δ च्या चिन्हावरून का ठरते, हे आलेखात दिसते. x³ − 15x चा आलेख x = −√5 पाशी सुमारे 22.36 उंचीचे शिखर आणि x = √5 पाशी तेवढीच खोल दरी दाखवतो. आडवी रेषा या दोहोंमध्ये असेल तर आलेखाला तीनदा छेदते. म्हणून 4 च्या जागी 22 घेतल्यास Δ = 432, मुळे तीन; 23 घेतल्यास Δ = −783, मूळ एकच.