‘का’ आणि ‘कसे’: मुलाखतीच्या इतिहासातील एक प्रकरण

‘का’ या प्रश्नाची पद्धतशीर चिकित्सा पॉल लाझार्सफेल्ड यांनी १९३५ साली केली. ‘ही वस्तू का घेतली?’ या एका प्रश्नात अनेक प्रश्न दडलेले असतात, म्हणून तो फोडून विचारावा, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्यांच्या दृष्टीने दोष संदिग्धतेचा होता.

हॉवर्ड बेकर यांना दुसराच दोष आढळला. १९५१ च्या प्रबंधासाठी त्यांनी शिकागोतील शालेय शिक्षकांच्या मुलाखती घेतल्या. या शिक्षकांचा ओढा गरीब वस्तीतील शाळा सोडून सुस्थित वस्तीतील शाळांकडे असे. अशा शिक्षकास ‘बदली का मागितली?’ असे विचारणे म्हणजे जाब मागणेच होय. मग उत्तर त्रोटक आणि सावध मिळते. ‘बदली कशी घडून आली?’ असे विचारल्यास मात्र तो प्रसंग क्रमाने सांगू लागतो. हा अनुभव बेकर यांनी १९९८ च्या ग्रंथात नोंदविला.

तथापि केवळ शब्द बदलून भागत नाही. मराठीत ‘असे कसे केलेत?’ हाही आरोपच ठरतो. कर्त्यावरील रोख काढून ‘घडणे’ हे क्रियापद योजले, तरच प्रश्न निर्दोष होतो.