जिभेवरील नकाशा आणि उपदंशाची शंका : एकोणिसाव्या शतकातील एका निदानाचा इतिहास

प्रस्तावना :
जिभेच्या तीन अवस्था रुग्णाला घाबरवतात, परंतु बहुतेक वेळा त्या निरुपद्रवी असतात. पहिली म्हणजे नकाशासारखे पट्टे उमटलेली ‘भौगोलिक जीभ’, दुसरी भेगाळलेली जीभ आणि तिसरी थर साचलेली जीभ. ही भीती केवळ अज्ञानातून येत नाही; वैद्यकाच्या इतिहासात या खुणांना वेळोवेळी गंभीर अर्थ दिले गेले. सुश्रुतसंहितेत वातदोषाने फुटलेल्या, सागाच्या पानासारख्या खरखरीत जिभेची गणना रोगांत केली आहे. मात्र तेथे चव न कळणे हेही लक्षण दिलेले असल्याने, आजच्या निरुपद्रवी भेगाळ जिभेशी तिची सरसकट तुलना करता येत नाही. प्रस्तुत निबंधात भौगोलिक जिभेला पॅरिसमध्ये चिकटलेल्या उपदंशाच्या आरोपाचा विचार केला आहे.

पॅरो यांचे निदान :
या अवस्थेचे पहिले वैद्यकीय वर्णन फ्रेंच वैद्य पिएर रेयर यांनी १८३१ मध्ये केले, असे मानले जाते. जिभेच्या पृष्ठभागावरील सूक्ष्म तंतूंसारखे अंकुर काही भागांत झडतात. तेथे गुळगुळीत लाल डाग दिसतो व त्याला पांढरट, नागमोडी कड येते. काही दिवसांत तो डाग भरून येतो आणि दुसऱ्या ठिकाणी नवा उमटतो. मुलांमध्येही ही अवस्था आढळते.

पॅरिसच्या अनाथ बालकांच्या रुग्णालयात, म्हणजे ‘ऑस्पीस दे झांफां आसिस्ते’ येथे, जोसेफ पॅरो हे वैद्य होते. त्यांनी १८८१ च्या सुमारास ही खूण जन्मजात उपदंशाची असल्याचे प्रतिपादन केले. हे मत त्या बालकांच्या दृष्टीने साधे नव्हते. तान्ह्या मुलाला दाईच्या दुधावर वाढवण्याची तेव्हा प्रथा होती. परंतु उपदंशग्रस्त मुलाच्या तोंडातील व्रणांमुळे दाईला संसर्ग होत असे. त्यामुळे उपदंशाचा शिक्का बसलेल्या मुलाला दाई मिळणे बंद होई. बाटलीने पाजलेली बालके निर्जंतुकीकरणाच्या अभावी मोठ्या संख्येने दगावत. यावर उपाय म्हणून पॅरो यांनीच १८८१ मध्ये रुग्णालयात गाढवींचा गोठा उभारला. तेथे उपदंशग्रस्त बालकांना थेट गाढवीच्या आचळाला लावले जाई. जिभेवरील एका डागाच्या अर्थावर मुलाला कोणाचे दूध मिळणार हे ठरू शकत होते, आणि पारायुक्त औषधांचा मार्गही त्यातूनच उघडत होता.

चूक कोठे झाली ? :
पॅरो यांचे निरीक्षण चुकीचे नव्हते. डाग खरेच होते. चूक अनुमानात होती. त्यांच्यासमोरील बालके ज्या संस्थेतून येत होती, तेथे जन्मजात उपदंशाचे प्रमाण मोठे होते. अशा ठिकाणी कोणतीही सामान्य खूण त्या रोगाच्या सोबत दिसणारच. मुडदूसही उपदंशामुळेच होतो, असे पॅरो मानत. त्यामागेही हाच दोष दिसतो.

खरी तुलना रुग्णालयाबाहेरील निरोगी कुटुंबांशी करावयास हवी होती. उपदंशाचा कोणताही इतिहास नसलेल्या मुलांतही हेच पट्टे आढळतात, ते वर्षानुवर्षे येत-जात राहतात आणि उपदंशाची इतर चिन्हे मागाहून प्रकट होत नाहीत. इंग्लंडमध्ये हेन्री बटलिन यांनी १८८५ मध्ये जिभेच्या रोगांवरील ग्रंथात या अवस्थेचे स्वतंत्र विवेचन केले. पुढे १९०५ मध्ये उपदंशाचा जंतू सापडला आणि १९०६ मध्ये वासरमान यांची रक्तचाचणी आली. त्यानंतर केवळ जिभेच्या रूपावरून उपदंश ठरविण्याची गरज उरली नाही.

आजचे आकलन :
भौगोलिक जीभ साधारणतः शंभरांत एक ते तीन व्यक्तींत आढळते. तिचे नेमके कारण निश्चित झालेले नाही. सोरायसिसशी तिचा काही संबंध दिसतो. ती संसर्गजन्य नाही. तिखट वा आंबट पदार्थांनी जळजळ होत असल्यास ते टाळणे एवढाच उपाय बहुधा पुरतो. भेगाळ जीभ पुष्कळदा तिच्या सोबतीने येते. तिच्या भेगा जागा बदलत नाहीत व वयानुसार खोल होतात. त्यांत अन्नकण अडकू नयेत म्हणून जीभ हळुवार घासणे पुरेसे असते. जिभेवरचा थर म्हणजे न झडलेल्या पेशी, अन्नकण व जंतू यांचा साठा होय. ताप, उपवास, तोंडाची कोरड किंवा धूम्रपान यांमुळे तो वाढतो आणि बहुधा खरवडल्यास निघतो.

या निरुपद्रवीपणालाही मर्यादा आहे. एकाच जागी दोन आठवड्यांहून अधिक टिकलेला व्रण, हाताला कठीण लागणारी गाठ किंवा खरवडूनही न निघणारा पांढरा चट्टा तज्ज्ञाला दाखविलाच पाहिजे. तंबाखू व गुटख्याचे सेवन असलेल्या महाराष्ट्रात हे विशेषत्वाने लागू पडते.

निष्कर्ष :
पॅरो यांच्या निदानात दोष होता तो नमुन्याच्या निवडीचा. एकाच संस्थेतील रुग्ण पाहून खुणेचा अर्थ लावला, की त्या संस्थेतील प्रमुख रोग खुणेला चिकटतो. भौगोलिक जिभेच्या बाबतीत उलगड्याचा धागा तिच्या वर्तनातच होता : डाग जागा बदलतो, भरून येतो आणि मागे काही ठेवत नाही. एका दिवसाच्या तपासणीत हे दिसत नाही. त्यासाठी तीच जीभ काही दिवसांनी पुन्हा पाहावी लागते.