नीडफुलची कुळकथा

‘काइंडली डू द नीडफुल अँड रिव्हर्ट बॅक ॲट द अर्लिएस्ट.’ मुळशी तालुक्यात पिरंगुटच्या कारखान्यांतून जाणाऱ्या मेलांत आणि हिंजवडीच्या आयटी पार्कातही हे वाक्य अजून नित्याचं आहे. इंग्रजी संभाषणाचे वर्ग घेणारे ते जुनाट म्हणून खोडायला सांगतात. खोडावं हे मलाही पटतं, पण ते इतकी वर्षं का टिकलं हे समजून घेतल्याशिवाय खोडलं, तर त्याच्या जागी तितकंच पोकळ दुसरं वाक्य येऊन बसतं.

हे इंग्रजी आपल्याकडच्या कारकुनांनी घडवलेलं नाही. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात ब्रिटनमधले व्यापारी आणि वकील आपल्या पत्रांत ‘डू द नीडफुल’ सर्रास लिहीत. आवश्यक असेल ते करा, एवढाच त्याचा अर्थ. कंपनी सरकारच्या आणि पुढे राणीच्या सरकारच्या दप्तरांतून ते आपल्याकडे आलं, इंग्रजी शिकलेल्या कारकुनांच्या हाताखाली मुरलं आणि पिढ्यान्‌पिढ्या जुन्या पत्रावरून नवं पत्र उतरवत पुढे चालत राहिलं. तिकडे ब्रिटनमध्ये मात्र विसाव्या शतकात असल्या दप्तरी भाषेवर टीका वाढली. 1948 साली तिथल्या अर्थखात्याच्या सांगण्यावरून सर अर्नेस्ट गॉवर्स यांनी सरकारी नोकरांसाठी ‘प्लेन वर्ड्‌स’ हे पुस्तक लिहिलं. सामान्य माणसाला कळेल असं लिहा, हा त्याचा गाभा. ‘नीडफुल’ तिकडच्या रोजच्या पत्रव्यवहारातून हळूहळू गेलं, आपल्याकडे राहिलं.

ते राहिलं, कारण आपल्याकडे फाइल राहिली. पौडच्या तहसील कार्यालयाच्या हद्दीतलं एखादं वारसनोंदीचं प्रकरण घ्या. वडील वारल्यावर मुलगा तलाठ्याकडे अर्ज देतो, सोबत मृत्यूचा दाखला आणि वारसांची नावं जोडतो आणि शेवटी लिहितो, ‘तरी योग्य ती कार्यवाही व्हावी, ही विनंती.’ वाक्यात काहीच नेमकं नाही, तरी कुणाचा गोंधळ होत नाही. तलाठी चौकशी करून वारसांच्या नोंदवहीत नावं लावतो, मग फेरफार नोंद धरतो. संबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी 15 दिवस ठेवले जातात आणि मंडळ अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित केली की सातबारावर नावं चढतात. ‘योग्य ती’ म्हणजे काय, हे जमीन महसुलाच्या कायद्याने आणि कार्यालयाच्या पद्धतीने आधीच ठरवून ठेवलेलं असतं. अर्जदाराने ते सांगायची गरज नसते.

त्यात अदबही होती. हाताखालच्या माणसाने साहेबाला ‘हे मंजूर करा’ असं लिहिणं म्हणजे हुकूम सोडण्यासारखं वाटे. ‘आवश्यक ते करावे’ म्हटलं की काय करायचं ते ठरवण्याचा मान वरच्याकडे राही. ‘काइंडली’ आपल्या कानाला ‘कृपया’सारखं मऊ लागतं तेही याच वळणामुळे. आजच्या इंग्रज किंवा अमेरिकन वाचकाला मात्र त्यात अनेकदा वैतागून दिलेली ताकीद ऐकू येते.

‘रिव्हर्ट’चं कूळ वेगळं आहे. मूळ लॅटिन शब्दातच मागे वळणं आलं, त्यामुळे ‘बॅक’ जोडणं ही द्विरुक्ती. पण खरी अडचण ती नाही. भाडेपट्टा संपून मालमत्ता मूळ मालकाकडे जाते तेव्हा कायद्यात ती ‘रिव्हर्ट’ होते. सरकारी नोकरीत माणूस वरच्या पदावरून खालच्या मूळ पदावर आला की त्यालाही ‘रिव्हर्ट’ केलं म्हणतात. उत्तर देणं हा अर्थ भारतात, सिंगापूर-मलेशियात रूढ आहे. अमेरिकेतल्या माणसाला तो सहसा ठाऊक नसतो आणि हिंजवडीत काम करणाऱ्या प्रोग्रॅमरपुढे तर रोज या शब्दाचा दुसराच अर्थ असतो:

```
git revert HEAD
```

ही आज्ञा शेवटचा बदल उलटवणारी नवी नोंद करते. ‘मी काल केलेला बदल पाहा आणि प्लीज रिव्हर्ट’ असा निरोप परदेशातल्या सहकाऱ्याला गेला, तर उत्तर धाडण्याऐवजी तो बदलच काढून टाकण्याची शक्यता खरी आहे.

फाइल सामायिक नसली की काय होतं, ते पिरंगुटच्या उदाहरणावर पाहू. समजा, एक छोटा कारखानदार जर्मनीतल्या गिऱ्हाइकासाठी बुश बनवतो. बुशच्या भोकाचा टॉलरन्स थोडा सैल करायचं तोंडी ठरलं आहे. ड्रॉइंगची रिव्हिजन बी जाऊन रिव्हिजन सी तयार झाली. तो ती जोडून पाठवतो आणि खाली आपलं ठेवणीतलं वाक्य लिहितो. दुसऱ्या दिवशी उत्तर येतं, ‘थँक्स, रिसीव्ह्‌ड.’ इथेच ओळखावं की निरोप पोचला नाही. समोरच्याने पोच दिली, मंजुरी दिलेली नाही. ड्रॉइंगवर सही करायची, की ऑर्डर बदलून पाठवायची, की नुसतं पाहून ठेवायचं, हे त्याला कळलेलंच नाही. ‘रिव्हर्ट’ वाचून त्याने रिव्हिजन बीकडे परत जायचं असा अर्थ घेतला असेल, तर पुढचा लॉट जुन्या मापाने अपेक्षित आहे असंही तो धरून चालेल. पिरंगुटला माल सीप्रमाणे तयार होईल आणि तिकडची तपासणी बीप्रमाणे होईल.

आता तीच मेल दुसऱ्या तऱ्हेने. विषयाच्या ओळीतच काम: ‘अप्रूव्हल नीडेड बाय थर्सडे: बुश ड्रॉइंग, रिव्हिजन सी’. खाली: ‘द ओन्ली चेंज इज द बोअर टॉलरन्स. प्लीज साइन पेज वन अँड सेंड इट बॅक बाय थर्सडे, फोर पीएम इंडिया टाइम. अंटिल देन वी विल कंटिन्यू विथ रिव्हिजन बी.’ चार वाजता म्हणजे जर्मनीत हिवाळ्यात साडेअकरा आणि उन्हाळ्यात साडेबारा, म्हणजे सही करायला त्यांची सकाळ मिळते. शेवटचं वाक्य मला सर्वांत मोलाचं वाटतं. उत्तर आलंच नाही तर काय होणार, हे त्यात लिहिलेलं आहे. पौडच्या अर्जात जे काम कायदा करत होता, ते इथे या तीन वाक्यांना करावं लागतं.

म्हणूनच नुसती शब्दांची अदलाबदल उपयोगाची नाही. ‘नीडफुल’ काढून ‘प्लीज टेक ॲप्रोप्रिएट ॲक्शन’ लिहिलं, किंवा ‘रिव्हर्ट’च्या जागी ‘लेट मी नो युअर थॉट्स’ घातलं, तर इंग्रजी आजचं वाटेल, पण जर्मनीतून पुन्हा ‘रिसीव्ह्‌ड’च येईल.

राहता राहिली अदब. वरच्या माणसाला लिहिताना संकोच वाटत असेल तर प्रश्न विचारावा: ‘कुड यू अप्रूव्ह धिस बाय थर्सडे?’ काम आणि दिवस दोन्ही त्यात आहेत, नाही म्हणायची मोकळीकही आहे. आणि तलाठ्याकडच्या अर्जातलं ‘योग्य ती कार्यवाही व्हावी’ तसंच राहू द्यायला काही हरकत नाही. फक्त त्याच्या वर गट क्रमांक, मयताचं नाव आणि कोणाकोणाची नावं लावायची हे स्पष्ट लिहिलेलं असावं.