पुरुषांनाही होतो स्तनाचा कॅन्सर. मग तो उशिरा का कळतो?

गायिका बियॉन्सेचे वडील मॅथ्यू नोल्स यांना 2019 मध्ये आपल्या शर्टावर रक्ताचा बारीक ठिपका दिसला. दुसरा शर्ट घातला, त्यावरही तसाच ठिपका. मग चादरीवरचे डाग पत्नीच्या नजरेस पडले. ते डॉक्टरांकडे गेले, मॅमोग्राफी झाली आणि स्तनाचा कॅन्सर निघाला. जुलैमध्ये त्यांचं ऑपरेशन झालं.

स्तनाच्या कॅन्सरच्या साधारण शंभर रुग्णांमध्ये एक पुरुष असतो. पुरुषाच्या छातीतही बोंडाखाली थोड्या दुधाच्या नळ्या असतात. स्त्रियांप्रमाणे इथेही आजाराची सुरुवात बहुतेक वेळा या नळ्यांतूनच होते. लक्षणंही तीच: न दुखणारी कडक गाठ, आत ओढलं गेलेलं बोंड, त्यातून रक्त किंवा पाणी येणं, न भरणारी जखम, काखेत गाठ.

मग उशीर का होतो? गाठ दुखत नाही, म्हणून माणूस मनावर घेत नाही. हा बायकांचा आजार, असं म्हणून सांगायलाही लाजतो. साठी-सत्तरीतले वडील तर घरात हा विषयच काढत नाहीत. त्यात पुरुषाच्या छातीत मांस कमी असल्यामुळे लहान गाठही लवकर त्वचेपर्यंत किंवा मागच्या स्नायूपर्यंत पोचते.

काही वेळा साधी वाढ समजूनही दुर्लक्ष होतं. हार्मोनच्या बदलाने किंवा काही औषधांनी पुरुषांची छाती वाढते, पण ती वाढ बहुधा रबरासारखी, बोंडाच्या बरोबर खाली, दाबल्यावर दुखणारी आणि पुष्कळदा दोन्ही बाजूंना असते. कॅन्सरची गाठ बहुधा एकाच बाजूला, कडक आणि बोंडापासून जराशी सरकलेली असते. तरी नुसत्या हाताने नक्की ठरत नाही. मॅमोग्राफी किंवा सोनोग्राफी करून, सुईने गाठीचा तुकडा काढून तपासावा लागतो. त्यालाच बायोप्सी म्हणतात.

उपचार स्त्रियांसारखेच. बहुतेक वेळा पूर्ण स्तन काढतात आणि काखेतल्या गाठी तपासतात. गरजेप्रमाणे केमो किंवा रेडिएशन देतात. पुरुषांमधल्या दहापैकी सुमारे नऊ गाठी इस्ट्रोजेन या हार्मोनवर वाढतात, म्हणून टॅमॉक्सिफेनची गोळी साधारण पाच वर्षं चालते. आजार लवकर सापडला तर गुण येण्याची शक्यता स्त्रियांइतकीच चांगली असते.

नोल्स यांच्या तपासणीत बीआरसीए-2 या जनुकातला दोषही सापडला. असा दोष वडिलांकडून प्रत्येक मुलाकडे किंवा मुलीकडे जाण्याची शक्यता निम्मी असते. म्हणून वडिलांची गाठ मुलींनाही सांगायला हवी. घराण्यात फुफूला किंवा खालाला स्तनाचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर झाला असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा. छातीत गाठ लागली किंवा बनियनवर डाग दिसला, तर त्याच आठवड्यात सर्जनला दाखवा.