तळटीप १४ : ‘पासष्ट वेळा हरूनही नफ्यात’
१४. येथे शिकागोचा सटोडिया रिचर्ड डेनिस याने १९८३-८४ मध्ये आपल्या ‘टर्टल’ शिष्यांना शिकवलेली ब्रेकआउट पद्धत अभिप्रेत आहे. भावाने मागील २० दिवसांचा उच्चांक ओलांडला की खरेदी करायची, १० दिवसांचा नीचांक मोडला की बाहेर पडायचे. भाव लगेच उलटला तर स्टॉपलॉस असतोच. समजुतीपुरते धरू, की तोट्याच्या सौद्यात १,००० डॉलर जातात, फायद्याचा सौदा सरासरी ३,००० देतो आणि १०० पैकी ३५ सौदेच फायद्याचे ठरतात. म्हणजे रिवॉर्ड-रिस्क गुणोत्तर ३, विन रेट ३५ टक्के. कमाई १,०५,०००, तोटा ६५,०००; उरलेले ४०,००० शंभर सौद्यांत वाटले की दर सौद्यामागे ४०० डॉलर, हीच एक्स्पेक्टन्सी. (दलाली यातून अजून वजा व्हायची आहे.) आता धीर सुटून प्रत्येक फायदा १,५०० वरच पदरात पाडून घेतला, तर विन रेट ४० टक्क्यांवर चढूनही कमाई ६०,००० आणि तोटाही तेवढाच. ब्रेकआउटमधली सरासरी मोजक्या मोठ्या सौद्यांवर उभी असते; म्हणून वीस-तीस सौद्यांवरून काढलेल्या एक्स्पेक्टन्सीवर विसंबू नये.