बंदबिंदू (हंगामी उद्योग)

विक्रीतून बदलता खर्चही निघेनासा होतो, ती पातळी. धार–देवास पट्ट्यातील सोयाबीन तेलगिरण्यांत आवक ऑक्टोबरपासून वाढते आणि उन्हाळ्यात आटते. तेव्हा गिरणी चालवावी की बंद ठेवावी, हा प्रश्न उभा राहतो. समजा, टनभर सोयाबीनच्या तेल-पेंडीचे 48,000 रुपये येतात. बी, हेक्झेन, वाफ व हमाली यांवर 47,000 जातात. व्याज, कायम पगार व विजेचा स्थिर आकार टनामागे 2,500. गिरणी चालवल्यास तोटा 1,500, बंद ठेवल्यास 2,500, म्हणून चालवावी. विक्री 47,000 खाली गेली, की थांबावे. मात्र गोदामातील बियांची किंमत खरेदीभावाने नव्हे, आजच्या मंडीभावाने धरावी. नेमकी इथेच गफलत होते. यंत्रणेतील हेक्झेन काढून ती पुन्हा सुरू करण्याचाही खर्च असतो, त्यामुळे चार दिवसांच्या मंदीसाठी गिरणी बंद करणे परवडत नाही.